पहिली दोन मिनिटं

पडदा काळा आहे. चित्र अजून आलेलं नाही, पण एक माणूस बोलायला लागलाय. या देशावर माझा विश्वास आहे, अमेरिकेनंच मला पैसा मिळवून दिला, असं काहीसं तो सांगतोय. मग अंधारातून त्याचा चेहरा दिसू लागतो. आपल्या मुलीला दोन पोरांनी कसं मारलं, पोलिसांत जाऊन काय झालं, न्यायाधीशानं शिक्षा सुनावून तीच कशी स्थगित केली आणि ती पोरं त्याच दिवशी कशी मोकळी सुटली, हे तो सांगत जातो. तो बोलत असताना कॅमेरा इतक्या सावकाश मागे सरकतो की सरकतोय हेच आधी कळत नाही. मध्येच त्या माणसाला रडू आवरत नाही. तेव्हा चित्राच्या कडेला एक हात दिसतो, फक्त हात. बोटं जराशी हलतात आणि कुणीतरी त्या माणसासमोर पेला आणून ठेवतं.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ‘द गॉडफादर’ची (1972) ही सुरुवात. शॉट साधारण तीन मिनिटांचा आहे, म्हणजे या लेखातल्या दोन मिनिटांच्या हद्दीबाहेर थोडा जातो. तरीही पटकथा लिहायला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी हाच प्रसंग बघायला सांगतो. कारण नवख्या लेखकाला तीन वेगळी वाटणारी कामं इथे एकाच दमात उरकली आहेत. माणूस कळला, जग कळलं, सूर कळला, आणि यातलं काहीही कुणी ‘सांगितलेलं’ नाही.

आधी माणसाचं बघू. डॉन कोर्लिओनेचा चेहरा आपल्याला अजून दिसलेलाच नाही. दिसते ती त्याची पाठ, खांदा आणि बोटांची हालचाल. त्या हालचालीला तोंडी हुकमाची गरज पडत नाही. खोलीतल्या माणसाला ती कळते आणि तो उठतो. डॉनची सत्ता केवढी आहे हे समजायला एवढं पुरेसं आहे. वर ती हालचाल दयेची आहे, रडणाऱ्या माणसाला काहीतरी प्यायला द्या, अशी. म्हणजे हा माणूस बलवान आहे आणि शिष्टाचारानं वागणारा आहे, या दोन्ही गोष्टी एका पेल्यानं सांगून टाकल्या.

आता जग. कोर्टानं न्याय दिला नाही म्हणून एक सरळमार्गी नागरिक दुसऱ्या कोर्टात आलाय. ही खोलीच ते दुसरं कोर्ट. इथे अर्ज करायचा, कारण सांगायचं आणि निकाल ऐकायचा. फी मात्र पैशात चालत नाही. तो माणूस किती पैसे देऊ असं विचारतो आणि तिथेच चुकतो. डॉनचं दुखणं वेगळं आहे: तू मला कधी मान दिला नाहीस, घरी कॉफीला बोलावलं नाहीस, आणि आज माझ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी येऊन खून करायला सांगतोस. या जगात चलन आहे ते ऋणाचं. पुढच्या तीन तासांत जे काही घडतं ते याच नियमानं घडतं.

आणि सूर. बोलणं खुनाचं चाललंय, पण आवाज चढत नाही. मांडीवर मांजर आहे, खिडकीच्या पट्ट्या मिटलेल्या आहेत, बाहेर लग्नाची गर्दी आहे. भाषा घरगुती आणि मागणी भयंकर, या दोहोंमधल्या अंतरातून चित्रपटाचा सूर लागतो. पहिल्याच प्रसंगात डॉनला टेबलावर मूठ आपटून ओरडायला लावलं असतं, तर गोष्ट तीच राहिली असती आणि चित्रपट बदलला असता.

मारिओ पुझोची मूळ कादंबरी (1969) कोर्टातच सुरू होते. हा बाप तिथे बसून निकाल ऐकतो. कोपोलाच्या पहिल्या मसुद्यात चित्रपट लग्नाच्या समारंभानं सुरू होत होता. कोपोला त्याआधी ‘पॅटन’चा सहलेखक होता आणि त्या चित्रपटाची सुरुवात भल्यामोठ्या झेंड्यापुढे केलेल्या भाषणानं होते. एका मित्रानं मसुदा वाचून त्याची आठवण करून दिली आणि अशी काहीतरी वेगळी सुरुवात कर असं सुचवलं, हा किस्सा कोपोलानं स्वतः सांगितलाय. मला त्यातली निवड महत्त्वाची वाटते. कोर्टाचा प्रसंग चित्रित केला असता तर आपण अन्यायाला साक्षी राहिलो असतो. लग्नानं सुरुवात केली असती तर वीसेक माणसांची ओळखपरेड झाली असती. कोपोलानं लग्नातला एकच कोपरा निवडला. तिथे एका माणसाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय आणि ते सहजासहजी मिळणार नाही.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. सुरुवातीचा प्रसंग लिहिताना ‘प्रेक्षकाला काय काय सांगायचंय’ अशी यादी केली की प्रसंग मेलाच. यादी करायचीच तर एका ओळीची करावी: या क्षणी या खोलीत कुणाला काय हवंय आणि आड कोण येतंय? ते हवंसं वाटणं नेमकं असलं की माणूस कसा आहे हे तो ते मिळवायला काय करतो यावरून दिसतं. आड येणारी गोष्ट त्या जागेतूनच आलेली असली की जग दिसतं. आणि लेखक त्या झटापटीकडे हसून बघतोय की धास्तावून, यावरून सूर ठरतो.

बोलायला हे सोपं आहे. कागदावर काय होतं ते एका उदाहरणानं बघू. समजा, वीस मिनिटांची शॉर्टफिल्म लिहायची आहे. तालुक्याच्या गावात दत्तू नावाच्या माणसाची पिठाची गिरणी आहे. प्रत्येक दळणातून तो मूठ-दोन मुठी पीठ मारतो. एका म्हातारीच्या दळणात मात्र तो उलट भर घालतो, कारण तिच्या गेलेल्या नवऱ्याशी त्यानं कधीकाळी पैशाचा दगाफटका केलाय. गोष्टीच्या शेवटी म्हातारीला ते कळतं, किंवा ते तिला पहिल्यापासून माहीत होतं हे दत्तूला कळतं.

स्पर्धांकडे अशा गोष्टीची जी संहिता येते तिचं पहिलं पान न वाचताही सांगता येईल. पहाट. डोंगर. देवळाची घंटा. सडा घालणारी बाई. दत्तूचा आवाज ऐकू येतो: “मी दत्तू. हे माझं गाव.” मग दत्तू उठतो, दात घासतो, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून उसासा टाकतो. बायको चहा देते आणि म्हणते, “अहो, वीस वर्षं झाली गिरणीला, पण तुमच्या मनातली सल काही जात नाही.” इथे दोन मिनिटं संपली. छायाचित्रण सुंदर असेल, ड्रोनही उडाला असेल. पण घडलं काहीच नाही. बायकोचं वाक्य तर कुठलीच बायको बोलणार नाही. वीस वर्षं झाली हे दोघांनाही ठाऊक आहे, ते ऐकवायचंय प्रेक्षकाला. पात्रानं दुसऱ्या पात्राला आधीच माहीत असलेली गोष्ट सांगितली की लेखक रंगेहाथ पकडला जातो.

आता तोच प्रसंग पुन्हा लिहू.

गिरणीच्या आत. सकाळ. सुरुवातीला फक्त आवाज: पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर. भिंतीकडेला डब्यांची रांग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीतून पीठ डब्यात पडतंय. भुवयांपर्यंत पिठानं पांढरा झालेला एक माणूस पिशवी झटकतो, आणि झटकता झटकता एक मूठ टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात सोडतो. हात इतका सवयीचा झालाय की तो तिकडे बघतही नाही. दुसरी मूठ भरतो आणि तेवढ्यात वीज जाते.

पट्टा मंदावतो. घरघर खाली येत येत थांबते. त्या शांततेत मुठीतलं पीठ पत्र्यावर पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. दत्तू वर बघतो. समोर शाळेच्या गणवेशातली आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी आहे. ती त्याच्या हाताकडे बघतेय.

“शाळा नाही व्हय गं आज?”

“हाय. पण आई म्हणली, दळण डोळ्यांदेखत करून आण.”

दत्तू हात झटकतो. डबा काट्यावर ठेवतो. मुलगी टाचा उंचावून काटा वाचते.

“काका, कमी भरतंय.”

“घट येती बाळा. दगडाला लागतं, हवेत उडतं.”

“किती येती?”

“आता काय सांगावं… मूठभर धर.”

“कुणाची मूठ?”

दत्तूला उत्तर सुचत नाही. वीज येते. गिरणी पुन्हा धडधडते आणि बोलणंच बंद पडतं. तो टेबलाखालच्या डब्यातून एक मूठ काढून तिच्या डब्यात टाकतो. ती हलत नाही. तो दुसरी टाकतो. मुलगी झाकण लावून डबा डोक्यावर घेते आणि निघून जाते.

दत्तू दाराबाहेर डोकावून कुणी नाही याची खात्री करतो. मग कोपऱ्यातला, चिठ्ठी नसलेला एक डबा पुढे ओढतो. चोरलेल्या पिठातल्या मुठी आता तो त्यात टाकतोय. एक, दोन, तीन. जरा थांबून आणखी एक. दारात काठीचा आवाज येतो. तो घाईनं झाकण लावतो.

“झालं का रं दळण?”

“झालं की, काकू.”

म्हातारी डबा उचलते. अपेक्षेपेक्षा जड लागतो म्हणून हात क्षणभर अडतो. ती दत्तूकडे बघते, काही बोलत नाही, डबा कमरेवर घेऊन चालू लागते. इथे चित्रपटाचं नाव.

मोठ्याने वाचलं आणि हालचालींना वेळ दिला तर हे दोन मिनिटांच्या आसपास बसतं. वेळ मोजायची रीतही इथेच सांगून टाकतो. हॉलिवूडच्या ठरावीक मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं सुमारे एक मिनिट, असा अंदाज धरतात. मराठीत मात्र पानाचा आकार, टंक आणि मांडणी ज्याची त्याची वेगळी असते, त्यामुळे पानं मोजून फसगत होते. घड्याळ लावून वाचावं. संवाद पात्राच्या चालीनं म्हणावेत आणि ‘डबा उचलते’ असं लिहिलं असेल तिथे खरोखरच उठून काहीतरी उचलावं. ‘दत्तू दाराबाहेर डोकावून खात्री करतो’ ही ओळ वाचायला दोन सेकंद लागतात, करायला सहा.

आता या दोन मिनिटांच्या आतली जोडणी बघू. दत्तूला काय हवंय? कुणाला कळू न देता मूठभर पीठ. आड कोण येतं? एक पोरगी. खलनायक नाही, पोलीस नाही, फक्त काटा वाचता येणारी पोरगी. अडसर जितका लहान तितका हा माणूस किती लहान गोष्टीसाठी लाचार होतो ते उठून दिसतं. पोरीच्या एका प्रश्नानं सूरही लागतो. हा चित्रपट चोराला फासावर देणारा नाही, त्याच्याकडे बघून मिश्कील हसणारा आहे, हे “कुणाची मूठ?” या दोन शब्दांत कळतं. त्यामुळे पुढे म्हातारीची गोष्ट गंभीर झाली तरी प्रेक्षकाची फसवणूक झाल्यासारखी वाटत नाही. हसण्याच्या खाली काहीतरी दुखरं आहे हे त्यानं चार मुठींमध्ये पाहिलेलं असतं.

गावाबद्दल एक वाक्यही लिहिलेलं नाही. पण चिठ्ठ्या लावलेले डबे, मध्येच जाणारी वीज, शाळा बुडवून दळणाला आलेली मुलगी आणि लेकीला पहाऱ्याला पाठवणारी, स्वतः न दिसणारी आई, यांतून ते गाव उभं राहतं. आईच्या त्या एका निरोपातून दत्तूची कीर्ती गावभर झालीय हेही कळतं. जगाची माहिती द्यायचीच असेल तर ती कुणाच्या तरी गरजेच्या पोटात घालून द्यावी. आई तसं म्हणाली हे मुलीला सांगावंच लागतं, कारण तिला शाळेबद्दल विचारलं गेलंय.

वीज जाण्याची युक्ती थोडी सविस्तर बघण्यासारखी आहे. गिरणी चालू असताना संवाद ऐकू येत नाहीत, ही चित्रीकरणातली खरीखुरी अडचण. नंतर डबिंग करता येतं, पण दगडांच्या घरघरीवर कुजबुजल्यासारखं बोलणारी पात्रं खोटी वाटतात. वीज घालवली की अडचण मिटते. शिवाय चोरी उघडी पाडणारा आवाज ऐकू यायला नेमकी तीच शांतता लागते, आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या वेळी वीज परत आल्यामुळे दत्तू बोलण्यातून सुटतो. एकाच घटनेनं तीन कामं केली. पहिल्या प्रसंगातल्या प्रत्येक वस्तूला आणि घटनेला असं दुहेरी-तिहेरी राबवावं लागतं. दोन मिनिटांत वेळ निघतो तो इथूनच. भरभर बोलून किंवा पटापट कट मारून निघत नाही.

तिसरी गोष्ट गळाची. प्रेक्षकाला धरून ठेवायला स्फोट, पाठलाग किंवा प्रेत लागतं असा समज आहे. त्यामुळे एक पद्धत फार बोकाळली आहे. पहिल्या मिनिटात शेवटाकडचा रक्तबंबाळ प्रसंग दाखवायचा आणि मग पडद्यावर पाटी लावायची, ‘तीन महिन्यांपूर्वी’. क्वचित ते कामाला येतं. बहुतेक वेळा लेखकाला आपली खरी सुरुवात मचूळ आहे हे कळलेलं असतं आणि त्यानं शेवटाकडून मसाला उसना आणलेला असतो. पाटी पडल्यावर पुन्हा डोंगर, देऊळ आणि सडा येतोच. प्रेक्षक धरला जातो तो दोन गोष्टी जुळत नाहीत म्हणून. चोर चोरलेलं पीठ दुसऱ्याला का देतोय? म्हातारीला वजन जाणवलं, मग ती बोलली का नाही? पहिला प्रश्न दत्तूचा, दुसरा म्हातारीचा. संपूर्ण चित्रपट या दोन प्रश्नांच्या उत्तराकडे जाणार आहे, म्हणून हा गळ खरा. पुढच्या गोष्टीशी ज्याचं देणंघेणं नाही असा प्रश्न पहिल्या मिनिटात टाकला तर प्रेक्षक तेवढ्यापुरता बसतो आणि नंतर चिडतो.

म्हातारीला जड लागतं हे दाखवायचं की नाही, यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. दाखवलं तर कोडं दुहेरी होतं, पण शेवटचा धक्का थोडा आधीच फुटतो. न दाखवलं तर शेवट जोरात लागतो, पण सुरुवात दत्तूच्या एका विक्षिप्त कृतीवर संपते. मी दाखवीन, कारण वीस मिनिटांच्या चित्रपटात धक्क्यापेक्षा दोघांमधला अबोला जास्त टिकतो. दुसरा दिग्दर्शक उलटं ठरवील आणि त्याचाही चित्रपट चांगला होईल. मात्र त्यानं हे जाणूनबुजून ठरवलेलं असावं.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवतं. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (2016) गावाकडच्या क्रिकेट सामन्यानं सुरू होतो आणि माईकवर कॉमेंट्री चालू असते. कॉमेंट्री करणाऱ्याचं कामच मुळी बोलणं. कोण खेळतंय, कोण कुठे आहे, कुणाचा मान मोठा, हे तो सांगणारच. जी माहिती दुसऱ्या कुणाच्या तोंडी घातली असती तर बनावट वाटली असती ती इथे हसत हसत ऐकली जाते, आणि कॉमेंट्रीच्या बोलीनं करमाळ्याकडचा मुलूखही कानात बसतो. पुढे हा चित्रपट कुठल्या अंधाराकडे जाणार आहे याचा सुगावा ती सुरुवात लागू देत नाही, हे खरं. पण पहिल्या अर्ध्या भागाचा सूर ती अचूक लावते आणि शेवट त्याच सुराच्या जिवावर अंगावर येतो.

नाटकात हिशेब थोडा बदलतो. तिसरी घंटा झाली तरी सभागृह स्थिर झालेलं नसतं. खुर्च्या करकरतात, उशिरा आलेले रांगेतून वाट काढतात, कुणाचा तरी मोबाइल वाजतो. पुरुषोत्तम करंडकाच्या स्पर्धेत तर आरोळ्यांचा धुरळा खाली बसेपर्यंत पहिली वाक्यं वाहून जातात. म्हणून एकांकिकेत पहिल्या अर्ध्या मिनिटात महत्त्वाचा शब्द टाकू नये. डोळ्यांना धरणारं काहीतरी घडू द्यावं आणि गोष्टीचा धागा ज्या वाक्यात आहे ते त्यानंतर यावं. जुन्या संगीत नाटकांची नांदी, तमाशातला गण, यांनी देवाला वंदन करता करता हेही काम चोख केलं: प्रेक्षक सावरून बसला.

‘घाशीराम कोतवाल’नं (1972) त्या रिवाजाचाच वापर करून घेतला. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. रंगमंचावर पुरुषांची एक रांग उभी राहते, हीच नाटकातली माणसांची भिंत. गणपती नाचत येतो, वंदन होतं, सगळं रिवाजाला धरून. मग थोड्याच वेळात त्याच पुण्यातली ब्राह्मण मंडळी रात्रीची बावनखणीकडे लगबगीनं निघालेली दिसतात आणि सूत्रधार त्यांना हटकतो. भक्तीचा सूर तसाच ठेवून त्याच्या खालचं पाखंड उघडं केलं. रांगेतली माणसं नंतर प्रेक्षकांकडे पाठ फिरवतात तेव्हा ती भिंत लपवायचं काम करते. नाटक ज्यावर बोट ठेवणार आहे, ते सारं सुरुवातीच्या त्या देखण्या रांगेतच पेरलेलं होतं.

दोन मिनिटांची ही अट सगळ्यांना लागू होते असं मात्र नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) लोकशाहीर नारायण कांबळे सुरुवातीला घरात मुलांची शिकवणी घेताना दिसतो. मग तो घराबाहेर पडतो, कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचतो, गातो आणि तिथे पोलीस त्याला धरतात. कॅमेरा लांब उभा आहे, हलत नाही, कुणाकडे बोट दाखवत नाही. वर सांगितलेल्या अर्थानं गळ इथे नाही. पण सूर आहे आणि तो पहिल्या चौकटीपासून पक्का आहे: जे दिसेल ते दुरून, सावकाश आणि तुमचं तुम्ही बघा. पुढे कोर्टाच्या तारखा याच चालीनं पडत जातात. ज्याला अशा चालीचा चित्रपट करायचाय त्यानं पहिल्या दोन मिनिटांत खोटी धावपळ घालू नये. ती घातली तर तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षक दुसराच चित्रपट लागल्यासारखा गोंधळतो. म्हणजे तडजोड करायची वेळ आली तर गळ ढिला पडला तरी चालेल, सूर चुकवू नये.

सुरुवात जमली की नाही हे लेखकाला स्वतःला कळत नाही. त्याला पुढची गोष्ट ठाऊक असते, त्यामुळे न लिहिलेलंही त्याला दिसतं. जवळच्या मित्रांनीही ती गोष्ट चहाच्या टपरीवर ऐकलेली असते, म्हणून तेही कामाचे नाहीत. गोष्ट अजिबात न ऐकलेला माणूस गाठावा आणि त्याला दोन पानं वाचायला द्यावीत किंवा तेवढंच फुटेज दाखवून थांबवावं. मग ‘आवडलं का’ असं विचारू नये. या माणसाला काय हवं होतं, हे कुठे घडतंय आणि पुढे काय होईलसं वाटतं, एवढंच विचारावं. त्यानं “फोटोग्राफी छान आहे” म्हटलं तर प्रसंग पडला असं समजावं. “दत्तू चोर आहे” इतकंच म्हटलं तर माणूस पोचला, कोडं पोचलं नाही. तो आपणहून “ती म्हातारी कोण?” असं विचारता झाला, तर त्या पानांना हात लावू नये.

बऱ्याचदा दुरुस्ती सोपी निघते. आपण लिहिलेली पहिली दोन पानं बाजूला ठेवून तिसऱ्या पानापासून वाचून बघावं. पुष्कळ संहितांमध्ये गोष्ट तिथेच सुरू झालेली असते आणि आधीची पानं म्हणजे लेखकानं स्वतःला गोष्टीत शिरायला केलेली तयारी असते. ती तयारी लेखकाला लागतेच, प्रेक्षकाला लागत नाही. त्या कापलेल्या पानांतली एखादी अत्यावश्यक माहिती असेल तर ती एका वस्तूत किंवा निरोपात बसवून पुढे न्यावी.

यंदा एकांकिका किंवा शॉर्टफिल्म स्पर्धेसाठी लिहिणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. सुरुवातीचा प्रसंग पहिल्यांदा लिहा, पण शेवटी पक्का करा. शेवट हाती आल्याशिवाय पहिल्या मिनिटात कुठला प्रश्न पेरायचा हे कळत नाही. आणि संहिता पाठवण्याआधी गजराचं घड्याळ, हार घातलेला फोटो आणि “मी अमुक, हे माझं गाव” एवढं तरी खोडून टाका. परीक्षकांनी ते कैक वेळा वाचलेलं आहे.